नव्या कुंकवाची हातावरची परीक्षा

अंगाला लावायच्या बहुतेक वस्तू थोड्या वेळाने धुऊन जातात, पण कुंकू सकाळी कपाळाला लागले की रात्रीपर्यंत तिथेच असते आणि दुसऱ्या दिवशी नेमके त्याच जागी पुन्हा लागते. त्रासदायक घटक थोडा असला तरी त्याला त्वचेत उतरायला एवढा वेळ पुरेसा होतो. कळंब तालुक्यातील येरमाळ्याला चैत्र पौर्णिमेला येडेश्वरीची यात्रा भरते, तेव्हा यात आणखी भर पडते. एरवी टिकलीएवढे कुंकू लावणाऱ्या बायका त्या दिवसांत कपाळभर मळवट भरतात, आराधी तर भुवईपासून केसांपर्यंत. कुंकू यात्रेच्या दुकानातून नवे घेतलेले असते, ऊन चैत्राचे असते आणि घामाने ओले झालेले कुंकू पापण्यांपर्यंत ओघळते. यात्रेहून परतल्यावर कपाळावर पुरळ उठले, तर ते घामोळे आहे, कुंकू झोंबले आहे की कुंकवाची अॅलर्जी झाली आहे, हे नुसते पाहून सांगणे अवघड जाते. कुंकू आधी हातावर लावून पाहिलेले असेल, तर यातले बरेचसे कोडे आधीच सुटते.

जुन्या पद्धतीत हळदीला लिंबाचा रस आणि टाकणखार किंवा चुन्यासारखा क्षार देऊन तिचा रंग लाल केला जाई. सोलापूर जिल्ह्यात करमाळ्याजवळचे केम हे गाव कुंकवाच्या धंद्यासाठीच ओळखले जाते. बाजारातल्या स्वस्त कुंकवात मात्र लाली पुष्कळदा कृत्रिम रंगाची असते, आणि त्याच्या जोडीला सुगंध, तेल आणि टिकवण्याची द्रव्येही असतात. कुंकवामुळे होणाऱ्या इसबावर त्वचारोगतज्ज्ञांनी जे काम केले आहे, त्यात संशय सर्वांत जास्त या लाल रंगांवर आणि सुगंधावर येतो. हळदही निर्दोष ठरत नाही. थोड्या लोकांना शुद्ध हळदीचीही अॅलर्जी असते, त्यामुळे ‘घरी केलेले’ किंवा ‘नैसर्गिक’ अशा शब्दांवर विसंबून परीक्षा टाळता येत नाही.

त्वचा बिघडण्याचे मार्ग दोन आहेत आणि त्यांचा आतला कारभार अगदी निराळा आहे. पहिल्यात वस्तू त्वचेच्या वरच्या थराला थेट इजा करते. कुंकवात राहिलेला क्षार, खरखरीत भुकटी किंवा तीव्र सुगंध ही इजा करू शकतो. यात शरीराच्या स्मरणशक्तीचा संबंध नसतो. मात्रा पुरेशी असेल तर कोणाच्याही त्वचेवर परिणाम होऊ शकतो, कमी असेल तर बहुधा काही होत नाही. याला सोयीसाठी जळजळ म्हणू. दुसऱ्या मार्गात वस्तू एरवी निरुपद्रवी असते, पण शरीराच्या संरक्षक पेशींनी तिला शत्रू म्हणून नोंदवून ठेवलेले असते. ही नोंद व्हायला पहिल्या संपर्कानंतर साधारण दहा-चौदा दिवस तरी लागतात, कधी वर्षेही जातात. एकदा नोंद झाली की पुढच्या वेळी तीच वस्तू अगदी थोडी लागली तरी या पेशी त्या जागी जमा होतात. मात्र त्यांना जमायला एक ते तीन दिवस लागतात. दोन्ही विकार ओळखण्याच्या बहुतेक खुणा या एका उशिरातून निघतात.

हातावरच्या परीक्षेची मर्यादाही याच उशिरात आहे, आणि तिच्याकडे सर्रास दुर्लक्ष होते. आठ दिवसांच्या परीक्षेत फक्त आधीपासून असलेली अॅलर्जी पकडली जाते. एखाद्या घटकाशी त्वचेची पहिलीच भेट होत असेल, तर आठवडाभर हात स्वच्छ राहतो आणि नोंद पूर्ण झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात कपाळावर पहिले पुरळ येते. म्हणून ‘दहा वर्षे हेच कुंकू लावते, आताच कशी अॅलर्जी होईल’ हा प्रश्न बिनबुडाचा ठरतो. दहा वर्षांत केव्हाही ती नोंद होऊ शकते.

परीक्षेची जागा म्हणजे हाताची आतली बाजू, कोपराच्या घडीपासून दोन-तीन बोटे खाली. इथली त्वचा पातळ असते, सहज दिसते आणि कामात फारशी घासली जात नाही. त्या जागी आधीपासून खाज, सोलपटलेली त्वचा किंवा उन्हाने भाजल्याची खूण नसावी. शिवाय मागच्या काही दिवसांत तिथे स्टेरॉइडचे मलम लावलेले नसावे, नाहीतर ते प्रतिक्रिया दाबून टाकते आणि हात खोटाच स्वच्छ दिसतो. स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर परीक्षेचा निकाल तितकाच अविश्वसनीय ठरतो. सर्दी-पित्तासाठी घेतलेल्या सेटिरिझिनसारख्या गोळ्यांनी या उशिरा येणाऱ्या प्रतिक्रियेला फारसा फरक पडत नाही.

कुंकू टिकावे म्हणून त्याखाली मेण किंवा व्हॅसलीन लावतात, आणि दोष कधी कधी त्याचाच असतो. म्हणून हातावर एकमेकांपासून चार बोटे अंतरावर दोन जागा घ्याव्यात. दोन्ही दोन रुपयांच्या नाण्याएवढ्या असाव्यात आणि त्यांच्या कडेला पेनने बारीक खूण करावी. एका जागी नुसते मेण लावायचे, दुसऱ्या जागी मेण आणि त्यावर कपाळाला लावतो तेवढेच नवे कुंकू. सकाळी अंघोळीनंतर एकदा आणि संध्याकाळी एकदा असे लावावे. जागा झाकू नये. पट्टी बांधली की आत घाम साठतो आणि एरवी झोंबली नसती अशी वस्तूही झोंबते. हे रोज दोनदा, निदान सात दिवस चालू ठेवावे, शक्य असेल तर चौदा दिवस. एकदा लावून दुसऱ्या दिवशी हात पाहणारी माणसे परीक्षा अर्ध्यावर सोडतात, कारण अॅलर्जी असलेल्या हातावरही पहिले दोन-तीन दिवस काही न दिसणे नेहमीचे आहे. पुरळ दिसताच मात्र लावणे थांबवावे, सात दिवस पूर्ण करण्याचा हट्ट धरू नये.

कुंकवाच्या बाबतीत एक अडचण खास आहे. त्याचा लाल डाग त्वचेवर उरतो आणि तो लाली म्हणून वाचला जातो. रोज सकाळी नवे लावण्याआधी खोबरेल तेलाने डाग हळुवार पुसावा आणि मग ती जागा बोटाने दाबून सोडावी. रक्ताने आलेली लाली दाबल्यावर क्षणभर फिकी पडते आणि परत येते, रंगाचा डाग होता तसाच राहतो. सावळ्या त्वचेवर लाली तपकिरी किंवा जांभळट दिसते, तीही डोळ्यांना सहज कळत नाही. अशा वेळी स्पर्श जास्त खरा ठरतो. डोळे मिटून बोट फिरवले असता जागा वर आलेली, गरम किंवा दाणेदार लागते का, आणि दुसऱ्या हाताची तीच जागा कशी लागते, हे तपासावे. रोज एकाच उजेडात मोबाईलवर फोटो काढून ठेवला तर नंतर डॉक्टरांना बदल दिवसागणिक दाखवता येतो.

यात्रेच्या दोन आठवडे आधी दोघी जावांनी एकाच पुडीतले कुंकू हातावर लावले असे समजू. थोरलीला लावल्यावर अर्ध्या तासात चुरचुर सुटली. संध्याकाळी पाहिले तर कुंकू जिथे लावले होते तेवढीच जागा लाल, कड पेनने आखल्यासारखी स्वच्छ, आणि खाजेपेक्षा आग जास्त. तिने कुंकू धुतले आणि दुसऱ्या दिवशी लावलेच नाही. लाली त्या दिवशी निम्म्यावर आली, तिसऱ्या दिवशी जागा कोरडी पडून बारीक कोंडा सुटला आणि आठवड्याभरात खूण गेली. धाकटीला पहिल्या दोन दिवसांत काहीच झाले नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी हात खाजायला लागला. चौथ्या दिवशी सकाळी कुंकवाच्या जागी बारीक दाणे आले होते, त्यातले काही पेनच्या खुणेबाहेरही होते. तिने लावणे थांबवले, तरी पाचव्या दिवशी दाणे वाढले, दोन-तीन दाण्यांत पाणी दिसले आणि एक दाणा फुटून लस आली. मेणाची जागा मात्र पहिल्यापासून स्वच्छ होती. पुरळ विरायला दोन आठवडे लागले आणि त्या जागी काळसर डाग राहिला.

थोरलीचा प्रकार जळजळीचा आहे. प्रतिक्रिया लवकर आली, वस्तू निघताच उतरणीला लागली आणि लावल्या जागेबाहेर गेली नाही. धाकटीचा प्रकार अॅलर्जीचा आहे. प्रतिक्रिया उशिरा आली, वस्तू थांबवूनही वाढत गेली आणि कडेबाहेर पसरली, कारण जमा झालेल्या पेशींना आखलेली रेघ माहीत नसते. या तिन्ही खुणांत सर्वांत भरवशाची मधली, थांबवल्यावर काय होते ती. म्हणून शक्य असल्यास कुंकू थांबवल्यानंतर दोन दिवसांनीही हात पाहावा, पुष्कळ लोक थांबवतात तेव्हाच पाहणेही थांबवतात. खाज आणि आग यांचा फरक उपयोगी आहे, पण निर्णायक नाही. जोराच्या जळजळीतही खाज सुटते आणि जोराच्या अॅलर्जीतही आग होते. पाण्याचे फोडही तीव्र क्षार किंवा आम्लाने येऊ शकतात.

थोरलीच्या बाबतीत अंदाजाची खातरजमा करता येते. हात पूर्ण बरा झाल्यावर, म्हणजे निदान दोन आठवड्यांनी, दुसऱ्या हातावर तेच कुंकू निम्मे आणि दिवसातून एकदाच लावून पाहावे. जळजळ मात्रेवर अवलंबून असते, त्यामुळे कमी मात्रेत ती बहुधा येत नाही. कमी मात्रेतही एक-दोन दिवसांत खाजरे दाणे आले तर पहिला अंदाज चुकला होता आणि ती अॅलर्जीच आहे. धाकटीने मात्र अशी पुन्हा परीक्षा करू नये. फोड येण्यापर्यंत गेलेली त्वचा पुढच्या वेळी जास्त वेगाने आणि जास्त जोराने उठते, आणि त्यातून मिळणारी माहिती तेवढ्या त्रासाच्या लायकीची नसते.

या दोघींखेरीज तिसरी एखादीही निघू शकते. लावल्यावर काही मिनिटांत वर आलेल्या, खाजऱ्या गांधी उठतात आणि काही तासांत मागमूस न राहता निघून जातात. ही वेगळ्याच पेशींची तात्काळ प्रतिक्रिया असते. हातापुरती राहिली तर वस्तू टाळणे पुरते. ओठ किंवा जीभ सुजली, आवाज बसला, श्वास घ्यायला त्रास होऊ लागला किंवा चक्कर आली, तर हातावरचे पुरळ पाहत बसायचे नसते. ताबडतोब १०८ ची रुग्णवाहिका बोलवावी किंवा जवळचे रुग्णालय गाठावे.

हात आठवडाभर स्वच्छ राहिला तरी कपाळाची शाश्वती पूर्ण मिळत नाही. हातापेक्षा कपाळाच्या त्वचेत वस्तू जास्त सहज उतरते आणि पापणीची त्वचा तर सर्वांत पातळ असते. त्यामुळे कपाळाला सहन झालेले कुंकू घामाबरोबर पापणीवर उतरले की तिथे सूज येते, आणि दोष काजळाला दिला जातो. उन्हामुळेच जागी होणारी प्रतिक्रियाही सावलीत राहिलेल्या हातावर दिसत नाही. कुंकवाची आणखी एक वाईट सवय अशी की काहींच्या कपाळावर ते खाज-पुरळ न उठवता नुसता राखाडी-तपकिरी काळेपणा आणते. तोही अॅलर्जीचाच मंद प्रकार असतो, पण तो दिसायला महिने लागतात, म्हणून हातावरची परीक्षा त्याला पकडत नाही. चिकट टिकलीने उलटा प्रकार होतो. तिच्या गोंदातल्या काही रसायनांनी त्वचेचा रंग तयार करणाऱ्या पेशी मरतात आणि टिकलीच्या जागी पांढरा डाग उमटतो, तोही हळूहळू. कपाळाचा रंग एका जागी बदलतो आहे असे दिसले की खाज असो वा नसो, तिथले कुंकू किंवा टिकली बंद करावी. शेंदूर तर या परीक्षेच्या कक्षेतच येत नाही. त्यात शिसे किंवा पारा असेल तर त्वचेला काहीच न होताही ते विष ठरते.

पुरळ दिसले म्हणून ते कुंकवाचेच, असेही नाही. मराठवाड्यात शेतात काम करणाऱ्यांच्या चेहरा, मान आणि हातांवरच्या इसबाला गाजरगवत हे मोठे कारण आहे. पुण्यातील त्वचारोगतज्ज्ञ अरविंद लोणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या गवताने होणाऱ्या इसबावर १९७४ मध्ये लेख प्रसिद्ध केला. तोवर हे गवत देशात पसरले होते. त्याचे कण वाऱ्याने उडून येतात, त्यामुळे पुरळ पापण्यांवर येतेच, शिवाय कानांमागे आणि गळ्याच्या वळ्यांतही येते, जिथे कुंकू कधी लागत नाही. कुंकवाचा इसब कपाळाच्या मध्यावर सुरू होऊन बाहेर पसरतो. घामोळे तर कपाळाबरोबर पाठीवर आणि काखेतही असते आणि थंडाव्यात दोन-तीन दिवसांत बसते. म्हणजे परीक्षेच्या आधी आणि नंतरही पुरळ कुठून सुरू झाले, हे विचारण्यातच अर्धे निदान असते.

हीच पद्धत क्रीम, तेल, उटणे अशा धुऊन न टाकायच्या वस्तूंना जशीच्या तशी लागू पडते. साबण आणि फेसवॉश यांना लागू पडत नाही. ते एरवी मिनिटभर लागतात आणि धुतले जातात. ते दिवसभर हातावर ठेवले किंवा पट्टीखाली बांधले तर कोणाचीही त्वचा लाल होईल आणि निरोगी माणसालाही अॅलर्जीचा शिक्का बसेल. त्यांची परीक्षा वापरतो तशीच, फेस करून आणि धुऊन, करावी.

केस काळे करण्याच्या कलपाचा प्रकार याहून गंभीर आहे. त्याचा मुख्य घटक पीपीडी हा सर्वांत जोरदार अॅलर्जी निर्माण करणाऱ्या पदार्थांपैकी एक आहे. कलपाची अॅलर्जी डोक्यावर फारशी न दिसता पापण्या, कान आणि मानेवर सूज म्हणून दिसते, आणि डोळे मिटून जाण्याइतकी सूज येऊ शकते. कलपाची रोज दोनदा लावण्याची परीक्षा कधीच करायची नाही, कारण एवढ्या संपर्कातून नवी अॅलर्जी तयार होण्याचाच धोका असतो. पाकिटावर सांगितल्याप्रमाणे केस रंगवण्याच्या ४८ तास आधी थोडेसे मिश्रण हातावर किंवा कानामागे एकदाच लावावे, सांगितला तेवढाच वेळ ठेवावे आणि नंतर जागा पाहत राहावे. पाकीट दर वेळी त्याच कलपाचे घेतले तरी दर वेळी हे करावे लागते. ज्याला पूर्वी कधी कलपाने किंवा ‘काळ्या मेंदी’ने पुरळ आले असेल त्याने ही परीक्षा घरी करूच नये. मेंदीच्या पाल्याचा रंग केशरी-तपकिरी असतो, कोळशासारखा काळा रंग देणाऱ्या जत्रेतल्या मेंदीत पीपीडी असण्याची शक्यता मोठी असते, आणि लहानपणी हातावर काढलेली नक्षी पुढे कलपाच्या वेळी चेहरा सुजवू शकते.

प्रतिक्रिया आलेली जागा साध्या पाण्याने धुवावी, घासू नये, आणि वर नुसते व्हॅसलीन लावावे. लिंबू, टूथपेस्ट, चुना यांनी आधीच दुखावलेली त्वचा आणखी भाजते. बिब्ब्याचे तेल तर स्वतःच जळजळ आणि अॅलर्जी अशी दोन्ही करते, त्याने अंगावर आलेले फोड ग्रामीण दवाखान्यांना नवे नाहीत. मेडिकलमधून विचारून आणलेली स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि अँटिबायोटिक यांच्या मिश्रणाची मलमे चेहऱ्यावर लावू नयेत. पुरळ दोन दिवसांत दबते, पण निदानाच्या खुणाही त्याबरोबर पुसल्या जातात आणि पुढे त्वचा पातळ पडते.

घरच्या परीक्षेतून कुंकू नको इतके कळते, पण त्यातले काय नको ते कळत नाही. त्यासाठी त्वचारोगतज्ज्ञ पॅच टेस्ट करतात. या चाचणीचा पाया योसेफ याडासोन यांनी १८९५ मध्ये घातला आणि तिचा मूळ ढाचा आजही तोच आहे. संशयित पदार्थ ठरावीक प्रमाणात पेट्रोलॅटममध्ये मिसळून लहान खोलगट डब्यांत भरतात आणि चिकटपट्टीने पाठीवर लावतात. उदाहरणार्थ, पीपीडी एक टक्का घेतात. पट्ट्या ४८ तास ओल्या होऊ द्यायच्या नसतात, म्हणजे त्या काळात पाठीवर पाणी नाही आणि घाम येणारे काम नाही. पट्ट्या काढल्यावर एकदा आणि पुढे तिसऱ्या-चौथ्या दिवशी पुन्हा पाठ वाचतात. पहिल्या वाचनात लाल असून दुसऱ्यात विरलेली जागा जळजळीची धरतात, दुसऱ्यात वाढलेली किंवा टिकलेली अॅलर्जीची. थोरली आणि धाकटी यांच्या हातांवर जे दिसले तेच इथे मोजून-मापून पाहिले जाते. येरमाळ्याच्या रुग्णाला अंबाजोगाई आणि सोलापूर इथली शासकीय वैद्यकीय महाविद्यालये गाठता येतात. मात्र ही चाचणी प्रत्येक ठिकाणी रोज होत नाही, आणि एका चाचणीसाठी दोन-तीन फेऱ्या होतात. म्हणून निघण्याआधी दिवस विचारून घ्यावा. बरोबर कुंकवाची पुडी, मेणाची डबी, टिकलीचे पाकीट, कलपाचे रिकामे पाकीट आणि लावलेल्या सगळ्या मलमांच्या नळ्या न्याव्यात. कोणता घटक अंगाला चालत नाही हे ठरल्यावर डॉक्टर त्याचे नाव लिहून देतात, आणि नवी वस्तू घेताना पाकिटावर ते नाव शोधायचे असते. सुट्या पुडीवर घटक छापलेले नसतात, त्यामुळे ज्याला अशी अॅलर्जी ठरली आहे त्याने सुटे कुंकू घेऊ नये.